दोन्ही बाजूंनी लढता येईल असा विषय

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची पत्रके सूचनाफलकावर लागू लागतात. त्यांत तंत्रज्ञानावरचा एक विषय हमखास असतो. 'मोबाईल : शाप की वरदान', 'कृत्रिम बुद्धिमत्ता : संधी की संकट', 'समाजमाध्यमे आणि आजची तरुण पिढी'. नववी ते बारावीची मुले मनापासून तयारी करतात, पाठांतरही चोख असते. तरीही अनुकूल बाजूचा स्पर्धक फायद्यांची यादी सांगतो, प्रतिकूल बाजूचा तोट्यांची, आणि शेवटी दोघेही 'तंत्रज्ञान वाईट नसते, त्याचा वापर वाईट असतो' या एकाच वाक्यावर येऊन थांबतात. समोरच्याच्या एकाही मुद्द्याला उत्तर द्यावे लागत नाही. परीक्षक मग उच्चार, हावभाव आणि आत्मविश्वास यांवर गुण देतात, कारण युक्तिवाद तपासायला जागाच उरलेली नसते.

हा दोष मुलांचा नाही, विषयाचा आहे. विषय निवडणारे शिक्षक किंवा आयोजक यांनी जाहीर करण्यापूर्वी एखादा तास त्यावर घालवला, तर तीच मुले वेगळ्या तयारीने उभी राहतात. हा तास कसा घालवायचा, ते एक विषय घडवत पाहू.

निर्णय मागणारा विषय

'शाप की वरदान' या रचनेत कोणी काय करायचे, हे कुठेच नसते. मोबाईल शाप ठरला तर काय होणार? वरदान ठरला तर काय बदलणार? काहीच नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तराने काहीच बदलत नाही, त्यावर वाद पेटत नाही. वादविवादाचा विषय हा एखादा निर्णय असावा लागतो. म्हणजे त्यात निर्णय घेणारा (सरकार, शाळा, कंपनी, पालक), करायची कृती, आणि ती ज्यांच्यावर लागू होईल ते लोक, अशा तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. हे तिन्ही आले की अनुकूल बाजूला आपला निर्णय का हवा हे सिद्ध करावे लागते आणि प्रतिकूल बाजूला तो निर्णय का नको, किंवा त्याऐवजी दुसरे काय, हे सांगावे लागते.

भविष्य विचारणारे विषयही याच कारणाने फसतात. 'यंत्रे माणसाच्या नोकऱ्या हिरावून घेतील' यावर कोणाकडेच पुरावा नसतो. जो अधिक ठामपणे भाकीत करतो तो जिंकतो. त्याच चिंतेतून 'ॲपवरून काम करणाऱ्या डिलिव्हरी कामगारांना कंपन्यांनी कायम कर्मचाऱ्यांचा दर्जा द्यावा' असा विषय काढला, तर मुलांना हातात धरायला काहीतरी मिळते. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आहे. रोज दारात येणाऱ्या मुलाशी बोलूनही माहिती मिळवता येते. त्या कामगारांतही स्वातंत्र्य महत्त्वाचे मानणारे आणि सुरक्षितता महत्त्वाची मानणारे असे दोन्ही सापडतात.

काही विषय मात्र कितीही महत्त्वाचे असले तरी वादविवादासाठी घेऊ नयेत, कारण त्यांचा निकाल समाजाने लावलेला असतो. 'गटारे आणि मैलाटाक्या यंत्रानेच साफ व्हाव्यात' हा तंत्रज्ञान आणि समाज यांच्या नात्याचा अत्यंत गंभीर प्रश्न आहे. हाताने मैला साफ करून घेण्यावर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली आणि २०१३ च्या कायद्याने ती अधिक कडक झाली, तरी माणसे आजही गुदमरून मरतात. पण या विषयाची प्रतिकूल बाजू कोणत्या विद्यार्थ्याला द्यायची? माणसाने मैलाटाकीत उतरावे, असे सोळा वर्षांच्या मुलीकडून बोलवून घेणे हा तिच्यावर अन्याय आहे. असा विषय वक्तृत्वाला द्यावा. तिथे 'कायदा असूनही यंत्र का येत नाही?' असे विचारले, तर मुले कंत्राटे, जात, गल्ल्यांची रुंदी आणि नगरपालिकेचा खर्च यांपर्यंत जातात.

एक विषय घडवताना

समजा, शाळेला समाजमाध्यमांवरच विषय हवा आहे. पहिला मसुदा बहुधा असा येतो : 'समाजमाध्यमांचा अतिरेक तरुण पिढीला घातक आहे.' इथे अनुकूल बाजू बोलण्याआधीच जिंकली आहे. अतिरेक वाईटच असतो, मग तो कशाचाही असो. व्यसन, विळखा, आहारी जाणे, अतिवापर हे शब्द विषयात आले की निकाल विषयातच लिहिला जातो. उलट टोकाचे ओझे 'केवळ', 'पूर्णपणे', 'सर्व' आणि शब्दाला चिकटणारा 'च' टाकतात. 'तंत्रज्ञानामुळेच माणूस एकाकी झाला आहे' असे म्हटले की प्रतिकूल बाजूने एकाकीपणाचे दुसरे एक कारण दाखवले तरी काम भागते.

दुसरा मसुदा : 'शालेय मुलांना समाजमाध्यमांवर बंदी नसावी.' यात निर्णय आला, पण वाक्य नकारार्थी झाले. आता अनुकूल स्पर्धक बंदीच्या विरोधात बोलणार आणि प्रतिकूल स्पर्धक बंदीच्या बाजूने. भाषणाच्या मध्यावर मुले स्वतःच गोंधळतात आणि श्रोतेही. विषय नेहमी होकारार्थी लिहावा, आणि जो बदल मागतो तो अनुकूल बाजूला असावा.

तिसरा मसुदा : 'शालेय मुलांना समाजमाध्यमांवर बंदी घालावी.' हे पुष्कळ जवळ आले. पण बंदी कोण घालणार? शाळेने घातली तर ती शाळेच्या आवारापुरती राहील, पालकांनी घातली तर घरापुरती. 'शालेय मुले' म्हणजे पहिलीची की बारावीची? बंदी पाहण्यावर की खाते उघडण्यावर? या मोकळ्या जागा तशाच ठेवल्या, तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ घेतात आणि सात मिनिटांपैकी चार मिनिटे व्याख्येच्या भांडणात जातात.

म्हणून चौथा मसुदा : 'या सभागृहाचे असे मत आहे की, सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास भारतात कायद्याने बंदी असावी.' निर्णय घेणारे सरकार, कृती म्हणजे खाते उघडण्यावर बंदी, लागू होणार सोळा वर्षांखालील मुलांना. आणि बोलणाऱ्या स्पर्धकांपैकी काही जण या वयाच्या अलीकडे, काही नुकतेच पलीकडे असल्याने प्रश्न त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा होतो.

दोन पानांची चाचणी

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. विषय सुचवणाऱ्याने स्वतः दोन कोरी पाने घ्यावीत आणि दोन्ही बाजूंचे किमान तीन मुद्दे लिहावेत. ते एकमेकांपासून वेगळे हवेत. एकच मुद्दा तीन उदाहरणांनी फुगवलेला चालणार नाही. शिवाय प्रत्येक मुद्द्याला दुसऱ्या पानावर उत्तर सापडले पाहिजे. वरच्या विषयावर ही चाचणी करून पाहू.

अनुकूल बाजूचा पहिला मुद्दा या माध्यमांच्या रचनेचा आहे. न संपणारी स्क्रोल, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ आणि दर थोड्या वेळाने वाजणारी सूचना या सोयी माणसाला थांबवून ठेवण्यासाठीच बनवल्या आहेत. कंपनीचे उत्पन्न त्या थांबण्यावर असते, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला 'संयम ठेव' म्हणणे पुरेसे नाही. दुसरा मुद्दा एकट्या पालकाच्या असहायतेचा. वर्गातले सगळे जिथे आहेत तिथून एकाच मुलाला बाहेर ठेवले तर ते एकटे पडते. सगळ्यांना एकदम बाहेर ठेवले तर कोणीच एकटे पडत नाही. हे फक्त कायद्याने होऊ शकते. तिसरा मुद्दा जबाबदारीचा. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असा कायदा संमत केला आणि तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यात मुलांना किंवा पालकांना दंड नाही. सोळाच्या आतील मुलांची खाती रोखण्यासाठी वाजवी उपाय न करणाऱ्या कंपनीला मात्र सुमारे पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

आता प्रतिकूल पान. पहिला मुद्दा वय पडताळण्याचा. सोळाच्या आतले कोण हे ओळखायचे तर ओळखपत्र किंवा चेहरा तपासावा लागेल, आणि तोही फक्त मुलांचा नव्हे, सगळ्यांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आहे. मग एवढी माहिती खासगी कंपन्यांच्या हाती द्यायची का? दुसरा मुद्दा भारतातल्या घरांचा. आपल्याकडे एक फोन अनेकांचा असतो. 'असर'च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हेच प्रमाण सुमारे २० टक्के. बाकीचे घरातल्या मोठ्यांचा फोन वापरतात. तिथे खाते वडिलांचे आणि पाहणारी मुलगी, अशा स्थितीत खात्यावरच्या बंदीचा उपयोग काय? उलट मुलांच्या खात्यांना मिळणारी सुरक्षेची कुंपणेही जातात. तिसरा मुद्दा हक्काचा. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क कराराने मुलांना माहिती मिळवण्याचा आणि मत मांडण्याचा हक्क दिला आहे. लहान गावातल्या चित्र काढणाऱ्या, गाणाऱ्या किंवा एखाद्या प्रश्नावर बोलू पाहणाऱ्या मुलाला हे व्यासपीठ नाकारायचे का?

दोन्ही पाने शेजारी ठेवली की विषय चालेल की नाही ते दिसते. रचनेच्या मुद्द्याला प्रतिकूल बाजू म्हणेल, 'मग ती रचना बदलायला लावा, मुलांना का बाहेर काढता?' त्यावर अनुकूल बाजू म्हणेल, 'कंपनी आपल्या उत्पन्नाचे साधन आपणहून मोडेल का?' वय पडताळण्याच्या मुद्द्यावर अनुकूल बाजूला उपाय सुचवावा लागेल. सामायिक फोनच्या मुद्द्यावर ती म्हणेल की पळवाट आहे म्हणून कायदा करायचा नाही, असे आपण वाहन परवान्याच्या बाबतीत म्हणत नाही. अशी तीन-चार फेऱ्यांची उत्तरे-प्रत्युत्तरे कागदावर निघाली, तर विषय तोलाचा आहे. एका पानावर सहा मुद्दे आणि दुसऱ्यावर ओढूनताणून दीड, असे झाले की विषय बदलावा. हे काम दोन शिक्षकांनी पाने वाटून न घेता एकाच व्यक्तीने करावे. स्वतःला न पटणारी बाजूही तिला प्रामाणिकपणे लिहिता आली, तरच ती मुलांना देण्यासारखी आहे.

पुरावाही दोन्हीकडे हवा

मुद्दे तोलून झाले की पुरावा तोलावा. या विषयात तो खरोखर विभागलेला आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलने मे २०२३ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटले होते की, दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या किशोरवयीनांमध्ये मानसिक त्रासाचा धोका दुप्पट दिसतो. दुसरीकडे, ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये मोठ्या सर्वेक्षणांच्या आकडेवारीतून दाखवले की, किशोरांच्या मानसिक स्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. शिवाय संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे नाही. उदास मूलच जास्त वेळ फोनवर बसत असेल, हीही शक्यता उरते. अकरावीच्या विद्यार्थ्याला हा फरक नीट मांडता येतो, फक्त विषयाने त्याला ती गरज भासवली पाहिजे.

जवळचा पुरावाही आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे आणि साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा. कायदा नाही, दंड नाही, गावाचा निर्णय. गंमत अशी की हे उदाहरण दोन्ही बाजूंना वापरता येते. प्रतिकूल बाजू म्हणेल, 'पाहा, कायद्याशिवाय जमते.' अनुकूल बाजू म्हणेल, 'पाहा, एकट्या घराला जमत नव्हते, सगळ्यांना एकच नियम लागला तेव्हा जमले.' बदल कायद्याने आणायचा की समाजाने आपणहून घडवायचा, हा महाराष्ट्राच्या ओळखीचा वाद आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर आगरकर आणि टिळक याच प्रश्नावर समोरासमोर उभे होते. विषय सर्वस्वी वेगळा असला तरी युक्तिवादाची ही घडण मुलांना त्यांच्या इतिहासाच्या अभ्यासाशी जोडून देता येते.

विषयासोबत स्पर्धकांना एका पानाचे टिपण द्यावे. त्यात व्याख्या आणि सध्याची कायदेशीर स्थिती एवढेच असावे, कोणत्याही बाजूचे मुद्दे नसावेत. या विषयापुरते टिपण असे होईल : समाजमाध्यमे म्हणजे ज्यांवर अनोळखी लोकांसाठी मजकूर प्रसिद्ध करता येतो अशी माध्यमे, केवळ निरोपांची देवाणघेवाण करणारी ॲप त्यात नाहीत. ऑस्ट्रेलियातही व्हॉट्सॲप बंदीबाहेर आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठराच्या आतील व्यक्ती बालक आहे, तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि तिच्यावर पाळत ठेवून तिला उद्देशून जाहिराती दाखवता येत नाहीत. हे टिपण दिले की तालुक्याच्या शाळेतला स्पर्धक आणि पुण्या-मुंबईच्या शाळेतला स्पर्धक एकाच माहितीवर उभे राहतात. टिपणावर तारीख जरूर टाकावी, कारण तंत्रज्ञानावरचे कायदे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातही बदलू शकतात.

वक्तृत्वाचा विषय वेगळा

वक्तृत्वात समोर प्रतिस्पर्धी नसतो, त्यामुळे तिथे 'असावी' किंवा 'नसावी' अशी बाजू ठरवून देण्याची गरज नाही. तिथे तोल म्हणजे एकाच विषयावर तीन-चार वेगळ्या भूमिका प्रामाणिकपणे घेता येणे. 'समाजमाध्यमे आणि तरुण पिढी' हे शीर्षक भूमिकाच मागत नाही. त्यावर तयार निबंध बसतो. त्याऐवजी 'माझ्या फोनचे नियम कोणी ठरवावेत?' असे विचारले, तर एक मुलगी म्हणेल मी, दुसरा म्हणेल घराने, तिसरी म्हणेल सरकारने. इंटरनेटवरचा तयार मजकूर अशा प्रश्नाला पुरत नाही, कारण उत्तरात बोलणाऱ्याचे घर यावे लागते. वक्तृत्वाचा विषय तपासायची साधी रीत अशी : चार-पाच विद्यार्थ्यांना त्यावर फक्त पहिली तीन वाक्ये बोलायला सांगावे. सगळ्यांची तिसरी वाक्ये एकसारखी निघाली, तर विषय मुलांना एकाच वाटेने नेतो आहे.

निकालानंतरची मोजणी

विषय खरोखर तोलाचा होता का, हे स्पर्धा संपल्यावर मोजता येते. आपल्याकडे बहुतेक आंतरशालेय वादविवादांत प्रत्येक शाळा दोन स्पर्धक पाठवते, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. समजा, २० शाळा आल्या. प्रत्येक शाळेच्या जोडीत कोणाला जास्त गुण मिळाले ते पाहावे. तोलाच्या विषयात ही संख्या १०-१० च्या आसपास राहील. ११-९ किंवा १२-८ आले तर काळजीचे कारण नाही. १५-५ किंवा त्याहून एकतर्फी आकडा केवळ योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात सुमारे चार इतकी कमी असते. असे झाले तर विषय झुकलेला होता असे समजावे आणि पुढच्या वर्षी तो जसाच्या तसा वापरू नये.

या मोजणीला एक अट आहे. कोणता स्पर्धक कोणत्या बाजूने बोलणार, हे शाळेने ठरवले तर शिक्षक आपला चांगला वक्ता सोप्या वाटणाऱ्या बाजूला देतात, आणि मग आकडा विषयाचा कल सांगतो की वक्त्यांचा, हे कळत नाही. म्हणून बाजू आयोजकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात आणि स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी कळवाव्यात. स्वतःला न पटणारी बाजू हाती आली की विद्यार्थी त्या बाजूचे सर्वांत मजबूत मुद्दे शोधतो. तंत्रज्ञानावरच्या वादात मुलांनी हेच शिकायला हवे, कारण येत्या काही वर्षांत कॅमेरे, ॲप आणि माहितीचे हक्क यांवरचे निर्णय मतदार म्हणून त्यांनाच घ्यायचे आहेत.

म्हणून आयोजकांना आणि शिक्षकांना विनंती एवढीच की, यंदाचे पत्रक छापायला देण्यापूर्वी ती दोन पाने स्वतःच्या हाताने लिहा. दोन्ही भरली तर विषय द्या. एखादे कोरे राहिले, तर ते मुलांकडून भरून घेण्याचा आग्रह धरू नका, विषय बदला.